दुकानात ऐकलेलं गाणं, शब्द एकही नाही. मग शोधायचं कसं?

गिरणीत दळण टाकायला गेलं की रेडिओ चालूच असतो. पट्ट्याचा आवाज, मोटारीची घरघर आणि त्यातनं मधेच एखादं जुनं गाणं. एवढ्या गोंधळात गाण्याचा एक शब्द कळत नाही, पण चाल मात्र डोक्यात बसते. मग दोन दिवस माणूस तीच चाल गुणगुणत फिरतो आणि कुणाला विचारावं तर सांगायला शब्दच नसतात. मागच्या हिवाळ्यात माझ्यावर हीच वेळ आली. नुसतं हौसेचं असतं तर सोडून दिलं असतं, पण त्या गाण्यामागं आमचे तात्या होते.

तात्या म्हणजे माझे चुलत चुलते. पूर्वी तालुक्याच्या स्टँडवरनं टांगा मारायचे. सहा आसनी रिक्षा आल्या, भाडं तुटलं, मग घोडं विकलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'हं' आणि 'न्हाय' एवढंच येतं. दळणाच्या निमित्तानं त्यांना गाडीवर बसवून मी गिरणीत नेतो, तेवढाच त्यांना बदल. त्या दिवशी रेडिओवर एक गाणं लागलं आणि तात्या सरळ होऊन बसले. डावा हात मांडीवर ठेका धरायला लागला, तोंडानं सूर निघाला, चांगला जागच्या जागी लागणारा सूर. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मी गिरणीवाल्या अण्णांना मोटर बंद करायला सांगेपर्यंत गाणं संपलं आणि निवेदिकेनं पुढच्या गाण्याची नावं सांगायला घेतली.

वाचा गेलेला माणूस गाऊ कसा शकतो, असं पुष्कळांना वाटतं. डॉक्टर सांगतात, बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असतं, त्याला मार लागला की शब्द जातात. सूर आणि चाल मात्र बरीचशी वेगळ्या वाटेनं चालते, ती शाबूत राहू शकते. म्हणून ते गाणं घरी आणून तात्यांना रोज ऐकवावं, असं मनात आलं. पण आणायचं तर आधी सापडायला हवं.

फोनवर गाणं ओळखणारी सोय आहे, ते खरं. पण त्यातल्या बऱ्याच सोयींना गाणं वाजत असताना फोन पुढं धरावा लागतो. गाणं संपल्यावर त्यांचा उपयोग नाही, आणि गिरणीच्या घरघरीत त्या कितपत चालतील ते वेगळंच. तेव्हा डोक्यात जे उरलं होतं त्यावरच भागवायचं होतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, शब्दच का बुडतात. आपण बोलतो त्यातली व्यंजनं बारीक आणि क्षणभराची असतात, क, त, प, स असली. स्वर मात्र लांब आणि भरीव असतात. घरघरीत आधी व्यंजनं बुडतात. मागं राहतो तो आ-ई-ओ चा लांब सूर, ठेका आणि वाद्यांचे टोकदार आवाज. त्यामुळं तुम्हाला शब्द कळले नाहीत म्हणजे तुमचं ऐकणं कच्चं असं काही नाही. उरलं तेही काही कमी नसतं, फक्त ते लगेच धरून ठेवावं लागतं.

लगेच म्हणजे पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत. दुसरं गाणं पहिल्याची चाल पुसून टाकतं, हा माझा पक्का अनुभव आहे. तेव्हा दुकानातनं बाहेर यायचं, फोनच्या रेकॉर्डरवर आपणच 'ला ला' करून ती चाल म्हणायची आणि हातानं ठेकाही वाजवायचा. लाजू नका. वाईट गायलं तरी चालेल, पुढं मिळवून बघायला तेच उपयोगी पडतं. मी गिरणीच्या मागं बाभळीखाली जाऊन म्हटलं. बाजूच्या म्हशीनं मान वर करून पाहिलं, एवढंच.

दुसरं, दुकानदाराला विचारायचं. हे इतकं साधं की लोक विसरतात. पेनड्राइव्ह लावला असेल तर काम तिथंच संपतं, गाणी मागं घेऊन बघायची. माझ्या वेळी रेडिओ होता. अण्णा म्हणाले, "दिवसभर विविध भारतीच असतं बघ, काटा मी हलवतच न्हाय." वेळ सकाळची होती आणि त्या वेळेला जुनी हिंदी गाणी लागतात. एवढ्यानं मराठी गाणी जवळजवळ बाजूला पडली. जवळजवळ म्हणतो, कारण कार्यक्रमाचं नाव मी कानानं ऐकलं नव्हतं.

मग वहीत चार गोष्टी लिहिल्या : वाद्यं, आवाज, ठेक्याचा वेग आणि भाव. लोक भावापासून सुरू करतात, "दर्दभरं होतं काहीतरी". माझ्या मते भाव सगळ्यात शेवटी. का ते पुढं येईलच, कारण मी स्वतः तिथंच चुकलो.

वाद्यांपासून सुरू करा. वाद्यावरनं गाण्याचा मुलूख आणि काळ दोन्ही कळतात. ढोलकी आणि तुणतुणं म्हटलं की लावणी, पखवाज आणि टाळ म्हटलं की भजन, संबळ वाजलं की गोंधळ, हे आपल्याकडं पोरालाही कळतं. हिंदी सिनेमाच्या गाण्यात काळ ओळखायची सोपी खूण अशी : व्हायोलिनचा मोठा ताफा, क्लॅरिनेट, मेंडोलिन, हार्मोनियम आणि ढोलक-तबला एकत्र असतील तर 1950 च्या आणि 60 च्या दशकाकडं बघा. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम पुढं येऊन बोलायला लागले की 60 च्या शेवटाकडनं 70 च्या दशकात. आणि ठेका मशीनचा असेल, प्रत्येक ठोका अगदी एकासारखा एक, तर 80 च्या दशकापासून पुढं. ही लोखंडी रेघ नाही. जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवून केलेली रेकॉर्डही दुकानात वाजते आणि तिथं माणूस वीस-तीस वर्षांनी फसतो.

पण खरा उपयोग वेगळ्या आवाजाचा. नेहमीच्या वाद्यांत न बसणारा एखादा आवाज गाण्यात असेल तर तो आधी धरा. 'साधी माणसं' या 1965 च्या चित्रपटातलं लोहाराच्या घरचं गाणं आठवा. ऐरणीवरचा घणाचा ठोका ऐकू आला की शब्द कळायची गरजच उरत नाही, शंभर गाण्यांतनं ते एकटंच उरतं. माझ्या गाण्यात असाच एक आवाज होता. टक-टॉक, टक-टॉक, लाकडासारखा कोरडा आणि टोकदार. मोटारीच्या घरघरीतनंही तो आरपार येत होता. मी वहीत लिहिलं, 'घोड्याच्या टापा?' आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

ते प्रश्नचिन्ह खोडलं ते टांगेवाल्याकडनंच शिकलेल्या गोष्टीवर. घोडं नुसतं चालतं तेव्हा चार पाय वेगवेगळे पडतात, चार ठोके मोजता येतात. दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरपे दोन पाय जोडीनं पडतात, म्हणून दोनच ठोके, सारख्या अंतरानं. टांगा रस्त्याला लागला की घोडं ह्याच चालीत असतं. भरधाव सुटलं की ठोक्यांचा घोळका होतो. माझ्या गाण्यात सारख्या अंतरानं दोनच ठोके होते, म्हणजे दुडकी चाल आणि म्हणजे टांगा. बैलगाडीचं गाणं असतं तर टापा आल्याच नसत्या. मातीच्या रस्त्यावर बैलाचा खूर वाजत नाही, तिथं गळ्यातली घुंगरं वाजतात. सिनेमात खरं घोडं थोडंच आणतात स्टुडिओत? नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटा, तोच आवाज निघतो. घरी करून बघा.

टांग्याच्या ठेक्याची हिंदी गाणी म्हटली की एक संगीतकार आधी डोळ्यापुढं येतो, ओ. पी. नय्यर. हा ठेका त्यांची ओळखच होऊन बसला होता. पण टांग्याचं गाणं दुसऱ्या कुणी केलंच नाही असं नाही. 'शोले' मध्ये (1975) टांग्यावरचं गाणं आहे, ते आर. डी. बर्मन यांचं. त्यामुळं नय्यर यांचं नाव मी पहिल्या नंबरवर ठेवलं, पक्कं धरलं नाही.

आता आवाज. मला एक पुरुषाचा आणि एक बाईचा असे दोन आवाज आठवत होते, आळीपाळीनं. इथं एक सावधगिरी आहे. दुकानातला छोटा स्पीकर खालचे, जाड सूर खातो. त्यामुळं जाड आवाज त्याच्यातनं पातळ वाटतो आणि डग्ग्याचा घुमारा तर जातोच. म्हणून आवाज जाड की बारीक यावर फार भर देऊ नका. आवाजाची वागणूक बघा. तलत महमूद यांच्या आवाजात एक कंप असतो, तो लहान स्पीकरवरही कळतो. मुकेश सूर सरळ धरतात, किंचित नाकातनं. हेमंत कुमार यांचा आवाज घुमारदार आणि शांत, घाई कधी नाही. रफी वरच्या सुरात गेले तरी आवाज मोकळाच राहतो, जोर लावल्यासारखा वाटत नाही. किशोर कुमार गाता गाता खेळतात, आवाज उडवतात, मधेच हसतात, बोलल्यासारखं करतात.

बायकांच्या आवाजात लता मंगेशकर यांचा सूर बारीक आणि अगदी रेघेवर, तर आशा भोसले यांच्यात श्वास आणि लाडिकपणा जास्त ऐकू येतो. शमशाद बेगम यांचा आवाज उघडा आणि खणखणीत, घंटेसारखा. एवढं वाचून कुणी लगेच ओळखायला लागेल असं नाही. त्यासाठी एकाच संगीतकाराची दोन-दोन गाणी लागोपाठ ऐकावी लागतात, तेव्हा कान फरक धरतो.

इथं एक गोष्ट फार कामाला आली. नय्यर यांनी लता मंगेशकर यांच्याकडनं कधी गाणं गाऊनच घेतलं नाही. हे जुन्या गाण्यांच्या शौकिनाला पाठ असतं. तेव्हा बाईचा आवाज लताबाईंचा आहे असं ठरलं असतं तर नय्यर यांचं नाव खोडावं लागलं असतं, टापा असोत की नसोत. मला आवाज आशाबाईंचा वाटत होता. टापा आणि आशाबाई या दोन्ही खुणा एकाच नावाकडं बोट दाखवतात म्हटल्यावर ते नाव जरा बळकट झालं.

वेग मोजायला घड्याळ घ्या. डोक्यातली चाल म्हणत टाळी द्या, पंधरा सेकंदातल्या टाळ्या मोजा आणि चारानं गुणा. अंगाईसारखं संथ गाणं मिनिटाला साठ-सत्तरच्या आसपास पडतं, पायी झपाझप चालण्याचा वेग शंभर-एकशे वीस. माझ्या तीन वेळच्या मोजणीत शंभर ते एकशे वीसच्या मधेच आकडा येत होता. आकडा थोडा हलला तर घाबरू नका, पण दुपटीची चूक सांभाळा. एकजण प्रत्येक टापेला टाळी देतो, दुसरा एक सोडून एक देतो. गाणं तेच, आकडा मात्र पन्नास आणि शंभर. माझ्या पोरानं मोजलं तर त्याच्या दुप्पट टाळ्या झाल्या आणि तो मला म्हणाला, "आप्पा, तुमचं गाणं स्लो हाय." तेव्हा आकड्याबरोबर टाळी कशावर दिली तेही लिहा. वेगावरनं गाणं सापडत नाही. वेगानं फक्त चुकीची गाणी गळतात.

आता माझी चूक. भावाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'दुःखी'. का, तर तात्या रडत होते. ह्या एका शब्दापायी चार रात्री वाया गेल्या. टांग्याची, ताटातुटीची, गाव सोडून जाणाऱ्याची अशी सगळी रडकी गाणी मी शोधत बसलो. मिळालेलं एकही गाणं माझ्या रेकॉर्डिंगला जुळेना. पाचव्या दिवशी कांद्याला पाणी देताना सहज तेच रेकॉर्डिंग लावलं आणि लक्षात आलं, अरे, ह्या चालीवर तर मान डोलतेय. शंभराच्या वरचा वेग, दुडक्या टापा, दोघांचं आळीपाळीनं गाणं, ह्यात दुःख आहे कुठं? दुःख तात्यांचं होतं. भाव लिहिताना ऐकणाऱ्याचा नाही, गाण्याचा लिहायचा. आणि तो पण असा लिहायचा की तपासता येईल : चाल वर चढते की खाली उतरते, ठेका उड्या मारतो की पाय ओढत चालतो. 'छान', 'दर्दभरं', 'जुन्या काळातलं' ह्या शब्दांनी काही गळत नाही.

'दुःखी' खोडून 'खुशीतलं, प्रवासातलं' लिहिलं आणि मग यादी लहान झाली. नय्यर यांच्या टांग्याच्या ठेक्याच्या गाण्यांत तीन पुढं ठेवली. 'तुमसा नहीं देखा' (1957) मधलं 'यूँ तो हमने लाख हसीं देखे हैं', 'बाप रे बाप' (1955) मधलं 'पिया पिया पिया', आणि 'नया दौर' (1957) मधलं 'माँग के साथ तुम्हारा'. पहिलं रफी एकटे गातात, बाईचा आवाज नाही, ते लगेच गळलं. उरलेली दोन्ही युगुलगीतं, दोन्हीत आशाबाई. एकात सोबत किशोर कुमार, दुसऱ्यात रफी. म्हणजे सगळा निवाडा पुरुषाच्या आवाजावर आला, आणि तो मला गिरणीत सगळ्यात कमी ऐकू आला होता.

इथं घाई केली की माणूस स्वतःलाच फसवतो. एखादं गाणं तीनदा ऐकलं की आपल्या डोक्यातली चाल हळूहळू त्याच्यासारखी होते आणि वाटतं, हेच ते. म्हणून मी दोन्ही गाणी ऐकायच्या आधी पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, मग एक गाणं, मग पुन्हा रेकॉर्डिंग, मग दुसरं. माझं स्वतःचं मत 'नया दौर' कडं झुकलं. चाल बसत होती आणि पुरुषाचा आवाज खेळत नव्हता, मोकळा आणि सरळ जात होता. तरी माझ्या कानाला मी शंभर टक्के धरलं नाही. खरा साक्षीदार घरात होताच.

त्या संध्याकाळी तात्यांच्या खाटेशेजारी बसलो. काही सांगितलं नाही. आधी 'शोले' मधलं टांग्याचं लावलं. त्यांनी ऐकलं, नजर छपराकडं. मग किशोर कुमारचं लावलं. ठेका सुरू झाल्यावर बोटं थोडी हलली, थांबली. काकू म्हणाल्या, "दमलेत, उद्या बघा." मी म्हटलं, एकच राहिलंय. 'माँग के साथ तुम्हारा' सुरू झालं आणि दोन ओळींत तात्यांचा सूर लागला. गाण्याच्या पुढं एक पाऊल, म्हणजे पुढची ओळ कशी वळणार ते त्यांना आधीच ठाऊक. डावा हात वर आला, मूठ वळलेली, लगाम धरावा तशी. आणि टांगेवाले घोड्याला हाकताना टाळूला जीभ लावून जो आवाज काढतात ना, तो काढला.

'नया दौर' मध्ये दिलीप कुमार टांगेवाला असतो. गावात बस येते, टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो आणि शेवटी टांगा आणि बसची शर्यत लागते. हे मला नंतर कळलं, पिक्चर पाहिल्यावर. काकूंना मात्र ते आधीच माहीत होतं. जत्रेतल्या तंबूत त्यांनी आणि तात्यांनी तो बघितला होता, लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा. चार दिवस मी रडकी गाणी शोधत होतो तेव्हा काकू शेजारच्या खोलीत भाकऱ्या करत होत्या. तेव्हा माझ्यासारखी वेळ आली तर वहीतल्या चार रकान्यांच्या आधी एक प्रश्न घरात विचारून घ्या : हे गाणं ऐकून त्या माणसाला काय आठवत असेल?

आता ते गाणं फोनमध्ये आहे. रोज संध्याकाळी एकदा लावतो. परवा टापांच्या ठेक्यावर तात्यांच्या तोंडातनं एक शब्द निघाला, गाण्यातला नव्हे. घोड्याचं नाव होतं ते. काकू म्हणाल्या, बरोबर आहे, त्याच घोड्याला टांगा होता.